स्प्रिंगला लटकवलेलं वजन सगळ्यात जास्त वेगात कधी असतं?

बारावीच्या फिजिक्समधल्या 'ऑसिलेशन्स' प्रकरणात स्प्रिंगला वजन अडकवलेलं असतं आणि शेजारी एक लाटेसारखा आलेख. हा आलेख तुम्ही घरीही काढू शकता. स्प्रिंगमागे फूटपट्टी उभी करा, मोबाइलवर व्हिडिओ घ्या आणि तो Tracker या मोफत सॉफ्टवेअरमध्ये टाका. आडवा अक्ष वेळेचा, उभा अक्ष विस्थापनाचा.

समजा, वजन २०० ग्रॅमचं आहे. आलेखाचं वरचं टोक +३ सेंमीवर आणि खालचं −३ सेंमीवर आहे. दोन टोकांत ६ सेंमी अंतर दिसतं, पण अँप्लिट्यूड ३ सेंमीच. कारण ती मधल्या रेषेपासून मोजायची असते.

आता आवर्तकाल. एकाच लाटेवरून मोजला तर चूक मोठी होते, म्हणून एका शिखरापासून पुढची १० शिखरं मोजा. त्याला ६.३ सेकंद लागले, तर T = ०.६३ सेकंद. आलेख मधली रेषा ओलांडतो ती ठिकाणं मोजत असाल, तर जपून. एका आवर्तनात तो ती दोनदा ओलांडतो.

वेग म्हणजे आलेखाचा चढ. शिखरावर आलेख क्षणभर आडवा होतो, तिथे वेग शून्य. मधल्या रेषेवर तो सगळ्यात उभा असतो, म्हणून जास्तीत जास्त वेग तिथेच.

अनेक जण इथे शिखरापासून मधल्या रेषेपर्यंतचे ३ सेंमी घेतात आणि त्याला लागलेल्या ०.१६ सेकंदांनी भागतात. उत्तर येतं १९ सेंमी प्रति सेकंद. पण हा त्या तुकड्यातला सरासरी वेग झाला. कमाल वेगाचं सूत्र असं:

```
v = 2πA / T
```

६.२८ × ३ ÷ ०.६३, म्हणजे सुमारे ३० सेंमी प्रति सेकंद.

खरा घोळ स्लो-मोशनमध्ये होतो. २४० fps ने घेतलेला व्हिडिओ ३० fps ने सेव्ह झाला, तर आलेखातली वेळ आठपट ताणली जाते. मग T ५.०४ सेकंद दिसतो आणि वेग जेमतेम ३.७ सेंमी प्रति सेकंद. आलेखाचा आकार मात्र तस्साच, त्यामुळे नुसतं बघून चूक कळत नाही.

ती पकडायला फूटपट्टी पुरते. वजन शांत लटकत असताना स्प्रिंग किती ताणली गेली ते मोजा. ती ९.८ सेंमी ताणली असेल, तर:

```
T = 2π√(d/g) = 6.28 × √(0.098/9.8) ≈ 0.63 s
```

हा T व्हिडिओशिवाय मिळाला आहे. आलेखाचा T त्याच्या आठपट आला, तर Tracker मध्ये फ्रेम रेट २४० करा. स्प्रिंग वजनाच्या मानाने जड असेल, तर आलेखातला T थोडा जास्त येईल. तो फरक खरा आहे, कारण स्प्रिंगचं स्वतःचं वजनही हलत असतं.

आणखी एक गोष्ट. हवेमुळे शिखरं हळूहळू खाली येतात. T जवळपास तोच राहतो, पण A कमी होतो. म्हणून ज्या लाटेचा वेग हवाय, A त्याच लाटेचा घ्या.