आगोटीचे आठशे रुपये

मे महिना सरत आला की मालवणच्या किनाऱ्यावरचा व्यवहार भराभर आवरला जातो. सिंधुदुर्ग किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्या थांबतात, तारकर्ली-देवबागचे जलक्रीडेचे परवाने ऑगस्टअखेरपर्यंत निजतात, यांत्रिक मासेमारीला जूनपासून बंदी लागते. होड्या वर ओढून झापांनी शाकारल्या जातात. पर्यटकांना खोल्या देणाऱ्या घरांत मात्र आवरायचं असं फारसं काही नसतं. गाद्या उन्हात टाकून गुंडाळायच्या, एसीच्या बाहेरच्या यंत्राला खाऱ्या वाऱ्यापासून प्लास्टिक बांधायचं आणि फोन वाजायचा थांबला हे मान्य करायचं.

जून ते सप्टेंबर हे चार महिने. गणपतीत चाकरमानी येतात, पण ते आपल्याच घरी उतरतात.

कोकणाला या चार महिन्यांची तजवीज नवी नाही. पाऊस लागण्याआधी अमसुलं, आंबोशी, सुकी मासळी, तांदूळ, लाकूडफाटा भरून ठेवायचा, याला इथे आगोटीची बेगमी म्हणतात. धान्याची ही बेगमी घराघरांत चोख होते. पैशांची तशी होत नाही, कारण तांदूळ किती लागतो ते पिढ्यांनी मोजलेलं आहे आणि पैसा किती लागतो ते फार थोड्या घरांनी मोजलं आहे.

हा हिशेब एका उदाहरणाने मांडता येतो. समजा, देवबागात चार खोल्यांचं एक घर आहे. नवरा-बायको धंदा पाहतात, एक मदतनीस आहे, खोल्या बांधायला घेतलेल्या कर्जाचा महिना १४,००० रुपये हप्ता आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत हप्त्यांचे ५६,००० जातात आणि घरखर्च महिना २०,००० धरला तर ८०,०००. मदतनिसाला निम्म्या पगारावर राखायचं तर २०,०००. त्याला पूर्ण सोडलं तर तो गोव्यात हॉटेलात लागतो आणि ऑक्टोबरला परत येत नाही, म्हणून हा खर्च टाळण्यात शहाणपण नाही. वीज-इंटरनेटचे १०,०००, जूनमधली मुलांची फी १५,०००, गणपतीचे २०,०००. शेवटी सप्टेंबरात भिंतींना आलेली बुरशी खरवडून रंग काढायचा, गंजलेलं बदलायचं, त्याचे ४०,०००. सगळं मिळून २ लाख ४१ हजार. यातला रंगाचा आकडा हिशेबातून हमखास निसटतो, कारण तो पावसाळ्याचा खर्च वाटतच नाही. पण तो दिवाळीच्या पाहुण्यांआधी करावा लागतो आणि तेव्हा हातात दिवाळीचा पैसा आलेला नसतो.

आता आवक. इथे महिन्याच्या हिशेबाने मोजणं फसतं, कारण फेब्रुवारी आणि मे हे सारखे महिने नाहीत. मोजायचं ते खोली-रात्रींत, म्हणजे एक खोली एका रात्रीसाठी गेली की एक. या घराच्या दिवाळीत ४० खोली-रात्री जातात, नाताळ ते नववर्षात ४०, बाकीच्या शनिवार-रविवारी मिळून १०० आणि मध्य एप्रिल ते मेअखेर १५०. एकूण ३३०. जेवणखाण धरून आणि किराणा, धुलाई, बुकिंगचं कमिशन वजा जाता एका खोली-रात्रीमागे २,००० रुपये हाती उरतात, असं धरू.

३३० ला भागलं तर प्रत्येक खोली-रात्रीतले ७३० रुपये पावसाळ्याचे ठरतात. पण ३३० हा आकडा सगळं सुरळीत गेलं तरचा. मे २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ तारखेलाच महाराष्ट्रात दाखल झाला आणि त्याआधीच्या सरींनीही किनाऱ्यावरचे दिवस धुऊन नेले. एरवी तो जूनच्या पहिल्या आठवड्यात दक्षिण कोकणात येतो. मे २०२१ च्या मध्याला तौक्ते चक्रीवादळ याच किनाऱ्याजवळून गेलं. मेचे शेवटचे दहा दिवस गेले तर या घराच्या तीसेक खोली-रात्री जातात. म्हणून बेगमीचा हिशेब ३३० वर करायचा नाही, ३०० वर करायचा. तसा केला की आकडा येतो ८०० च्या किंचित वर. सोयीसाठी ८००.

म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या पाहुण्यापासून प्रत्येक खोली-रात्रीमागे ८०० रुपये बाजूला. उरलेल्या १,२०० त चालू हंगामाचा हप्ता, घर आणि पूर्ण पगार. ते जमतं. हंगामाच्या आठ महिन्यांचा ठराविक खर्च या घरात ३ लाख ७२ हजार आहे आणि ३३० रात्रींचे १,२०० म्हणजे ३ लाख ९६ हजार. फार ऐसपैस नाही, पण पुरतं.

बहुतेक घरं करतात ते याच्या उलट. दिवाळी-नाताळचा पैसा उधारी फेडण्यात आणि नव्या फ्रीजमध्ये जातो आणि ‘मे महिन्यात बाजूला टाकू’ असं ठरतं. मेच्या हंगामातल्या १५० रात्रींवर सगळा भार टाकला तर दर रात्रीचे १,६०० रुपये बाजूला काढावे लागतात. त्यातल्या तीस रात्री पावसाने नेल्या की उरलेल्या १२० रात्रींचे पूर्ण २,००० रुपये जातात आणि त्या महिन्यात घरात खायला काही उरत नाही. याच गणिताने अनेक घरं जुलैत सोनं गहाण ठेवायला बँकेत जातात. मे कमी पडत नाही, त्याच्यावर टाकलेलं ओझंच आठ महिन्यांचं असतं.

दुसरी एक चूक शांतपणे होते. मेसाठीचे आगाऊ पैसे फेब्रुवारी-मार्चमध्ये खात्यात येतात आणि ते कमाई समजून खर्च होतात. पाहुणा येऊन राहून जाईपर्यंत ते पाहुण्याचेच असतात. वादळाचा इशारा आला की ते परत मागितले जातात. ८०० रुपये काढायचे ते पाहुणा निघाल्यावर, आणि आगाऊ रक्कम तोवर तशीच राहू द्यायची.

हे पैसे ठेवायचे कुठे, हा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. आवर्ती ठेव इथे बसत नाही, कारण तिला दरमहा सारखा हप्ता हवा असतो आणि धंद्याची आवक सारखी नसते. भिशीत आपला नंबर जूनलाच लागेल याची खात्री नसते आणि कोणी मधेच थांबलं तर दाद मागायला जागा नसते. पतसंस्थेचा व्याजदर जास्त असतो, पण बँकेतल्या ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाखांपर्यंत जे विमा संरक्षण आहे ते पतसंस्थेच्या ठेवींना नाही. चार महिन्यांच्या अन्नासाठी ठेवलेल्या पैशावर दोन टक्के जास्त व्याजाचा मोह धरू नये. साधी सोय अशी, की धंद्याच्या खात्याला न जोडलेलं वेगळं बचत खातं काढायचं, त्याचा यूपीआय फोनवर ठेवायचा नाही आणि पंचवीस-तीस हजार साठले की मुदत ठेव करायची. या ठेवींच्या मुदती १ जून, १ जुलै, १ ऑगस्ट आणि १ सप्टेंबरला संपतील अशा बेताने ठेवल्या की पैसा पगारासारखा महिन्याला हातात येतो. सगळा पैसा १ जूनला एकदम मोकळा झाला तर तो जूनमध्येच पातळ होतो.

कर्जाच्या बाबतीत एक आकडा पक्का लक्षात ठेवण्यासारखा आहे: नव्वद दिवस. हप्ता थकून नव्वद दिवसांपेक्षा जास्त झाले की बँकेच्या लेखी ते कर्ज थकीत वर्गात जातं. पावसाळा मात्र १२२ दिवसांचा आहे. ‘ऑक्टोबरला एकदम भरू’ म्हणून ५ जूनचा हप्ता सोडला, तर सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात, धंदा सुरू होण्याच्या महिनाभर आधीच, ती रेषा ओलांडली जाते. पुढच्या कर्जाचा दरवाजा त्याने वर्षानुवर्षं अडतो. यावर उपाय कर्ज मंजूर होतानाच असतो. धंद्यासाठी घेतलेल्या मुदत कर्जाचे हप्ते आवकेप्रमाणे बांधून देता येतात. वर्षाचे १ लाख ६८ हजार आठ महिन्यांत विभागले तर हंगामात २१,००० चा हप्ता पडतो आणि पावसाळ्यात तो नसतो किंवा फक्त व्याज भरायचं असतं. हे मागण्यासाठी मागच्या दोन वर्षांची बुकिंगची वही महिनावार मांडून न्यावी. जुलैत, हप्ता चुकल्यावर मागितलं तर तीच मागणी अडचणीतल्या कर्जदाराची विनवणी ठरते.

आता जोडधंदा. मालवणात पहिला सल्ला मिळतो तो अमसुलांचा आणि मालवणी मसाल्याचा. माल उत्तम आणि ओळखीचे पाहुणे पावसाळ्यात मागवतातही. अडचण वेळेची आहे. रातांबे पिकतात एप्रिल-मेत. सालं सुटी करायची, मीठ घातलेल्या रसात बुडवायची, कडक उन्हात वाळवायची आणि ही पुटं पुन्हा पुन्हा द्यायची, हे सगळं पाऊस पडायच्या आत संपवावं लागतं. मिरच्यांचंही तसंच. म्हणजे पावसाळ्यात विकायच्या मालाचं काम नेमकं त्या पंचेचाळीस दिवसांत येतं, जेव्हा घरातली बाई पहाटेपासून वीस माणसांच्या ताटांत गुंतलेली असते. अमसुलांसाठी दोन खोल्यांचं जेवण नाकारावं लागलं तर जोडधंद्याने मूळ धंद्यालाच खाल्लं. म्हणून मसाला ५० किलोपुरताच करावा, तोही मार्चमध्ये, गर्दी सुरू होण्याआधी. किलोमागे दीड-दोनशे सुटले तर आठ-दहा हजार मिळतात. विकायला एफएसएसएआयची नोंदणी लागते आणि पाकीट हवाबंद नसेल तर पावसाळी दमटपणात मसाल्याला जाळी धरते.

त्यापेक्षा भरवशाचं, पण कमी बोललं जाणारं साधन रिकाम्या खोल्यांतच आहे. शाळा-कॉलेजं जूनमध्ये सुरू होतात, बदली होऊन आलेले शिक्षक आणि बँक कर्मचारी तेव्हाच खोली शोधत असतात. चारपैकी दोन खोल्या जून ते सप्टेंबर महिना साडेचार हजारांनी दिल्या तर ३६,००० येतात. शिवाय माणूस राहत असलेल्या खोलीत पंखा चालतो, खिडकी उघडते आणि बुरशी कमी धरते, त्यामुळे रंगाचा खर्चही थोडा वाचतो. धोका एकच, की भाडेकरू ऑक्टोबरमध्ये हलत नाही. त्यासाठी लेखी आणि नोंदणीकृत करार हवा. महाराष्ट्रात तो कायद्यानेच आवश्यक आहे. मुदत ३० सप्टेंबरला संपवावी. दसरा-दिवाळीच्या बुकिंगवर पाणी पडण्यापेक्षा नोंदणीचा खर्च परवडतो.

दोन्ही मिळून ४५,००० च्या आसपास होतात. लागणाऱ्या २ लाख ४१ हजारांचा हा पाचवा भागही नाही. जोडधंद्याने पावसाळा निभावतो असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा आधी पाहावा. ३०० रात्रींवर पसरला तर तो रात्रीमागे दीडशे रुपयांचा आधार देतो, ८०० चे ६५० करतो. तेही पहिल्या वर्षी धरू नयेत. हातात आल्यावर पुढच्या वर्षाच्या खात्यात टाकावेत.

तपासणीचा दिवस ३१ जानेवारी. तोवर दिवाळीच्या ४०, नाताळच्या ४० आणि शनिवार-रविवारच्या पंचेचाळीसेक रात्री होऊन गेलेल्या असतात, म्हणजे वेगळ्या खात्यात लाखभर रुपये दिसायला हवेत. साठच दिसत असतील तर अजून चार महिने हातात आहेत. मिरची बाजारात यायची आहे, खोल्यांसाठी शाळेत शब्द टाकता येतो, नव्या पडद्यांची खरेदी पुढे ढकलता येते. हीच तूट ३१ मेला कळली तर पहिल्या सरीत करण्यासारखं फक्त सोनाराचं दुकान उरतं.