रापणारी त्वचा आणि दिसणारा रंग

१९७५ मध्ये हार्वर्डचे त्वचातज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांच्यापुढे डोसचा प्रश्न होता. सोरायसिसच्या गोऱ्या रुग्णांना सोरालेनची गोळी देऊन अतिनील किरणांखाली उभं करत. केस आणि डोळ्यांच्या रंगावरून डोस ठरवला, तर काळ्या केसांचे काही रुग्णही होरपळत. म्हणून त्यांनी रुग्णालाच विचारलं: उन्हात तुमची त्वचा भाजते की रापते? उत्तरांवरून चार प्रकार पडले. तपकिरी आणि काळ्या त्वचेसाठी पाचवा आणि सहावा प्रकार नंतर जोडले गेले.

हीच सहा प्रकारांची मोजपट्टी पुढे संगणकाच्या कामात शिरली. २०१८ मध्ये जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी चेहऱ्यावरून स्त्री-पुरुष ओळखणारी सॉफ्टवेअर तपासली, तेव्हा फोटोतल्या माणसांना हेच प्रकार लावले. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत चूक ३४.७ टक्क्यांपर्यंत गेली, गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत ती ०.८ टक्क्यांच्या वर गेली नाही. निष्कर्ष मोलाचा होता. पण फोटो पाहून कोणाची त्वचा रापते हे कसं कळणार?

हार्वर्डचेच समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांची दहा छटांची पट्टी गूगलने २०२२ मध्ये खुली केली. तिचा प्रश्न साधा आहे: हा चेहरा कोणत्या छटेच्या जवळचा दिसतो? उन्हाशी तिचा संबंध नाही. गडद छटांना तिथे जास्त जागा मिळाली, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मात्र आकडे सारख्या अंतरावर नाहीत. शून्य म्हणजे काळा आणि शंभर म्हणजे पांढरा, असं उजळपण मोजलं तर पहिली छटा ९४ वर, दुसरी ९२ वर आहे. पाचवी ७८ वर आहे आणि सहावी एकदम ५५ वर. आपल्याकडचे कितीतरी गव्हाळ, निमगोरे चेहरे नेमके या खड्ड्यात पडतात.

समजा, अशाच एका गव्हाळ मुलीचा एक फोटो दुपारी गॅलरीत काढला आणि दुसरा रात्री पिवळ्या दिव्याखाली. लेबल लावणारा पहिल्याला ५ देईल, दुसऱ्याला ७. सरासरी ६ काढली की वाद मिटल्यासारखा वाटतो, पण फरक उजेडाचा होता ही खूण पुसली जाते. पाहणाऱ्यानेही फरक पडतो. गूगलच्या संशोधकांना २०२३ मध्ये आढळलं, की वेगवेगळ्या प्रदेशांतले लोक त्याच फोटोंना पद्धतशीरपणे वेगळे आकडे देतात. म्हणून एका फोटोवर निरनिराळ्या ठिकाणच्या अनेकांची मतं घ्यावीत, अशी त्यांची शिफारस आहे. मी तर म्हणेन, ती मतं वेगवेगळीच जपून ठेवावीत.

एका पट्टीचा आकडा दुसरीत बदलण्याचं कोष्टक मात्र कोणी करू नये. मंकची छटा ६ असलेल्या दोघींपैकी एक उन्हात सहज रापेल, दुसरी आधी भाजेल. किरणोपचाराचा पहिला डोस ठरवताना डॉक्टरांना त्या दुसरीला विचारावंच लागेल.