पुस्तकं हरवतील, हे आधीच सांगा

गावच्या शाळेत ग्रंथालय करायचं आणि त्यासाठी लोकवर्गणी काढायची, म्हटलं की मोबाइलवर येणारं आवाहन बहुतेक एकाच साच्याचं असतं. अनवाणी पोरांचा फोटो, ‘ज्ञानाचा दिवा’ आणि खाली क्यूआर कोड. किती पैसे हवेत, ते कोणाच्या खात्यात जाणार, पुस्तकं कोणती, याचा पत्ता नाही. देणारा शंभर-दोनशे देऊन मोकळा होतो, आणि पुढच्या वेळी देत नाही.

आवाहनाचा मजकूर लिहिण्याआधी हिशेब मांडावा. समजा, पहिली ते सातवीची जिल्हा परिषदेची शाळा आहे, मुलं नव्वद. पहिली-दुसरीची चित्रांची पातळ पुस्तकं स्वस्त पडतात, मोठ्यांच्या गोष्टी आणि विज्ञानाची पुस्तकं महाग. सरासरी ८० रुपये धरले तर ३०० पुस्तकांचे २४,००० झाले. मुलांचा हात पोचेल अशा दोन उघड्या मांडण्या ८,०००. वाहतूक, प्लास्टिकची कव्हरं आणि देवघेवीची वही मिळून ३,०००. इथवर ३५,००० होतात. शासनाच्या समग्र शिक्षा योजनेतून ग्रंथालयासाठी शाळेला काही रक्कम मिळत असेल, तर ती कधी आली आणि तिची कोणती पुस्तकं घेतली, हेही त्याच पानावर लिहावं. ते लपवलं आणि गावातल्याच कोणी विचारलं, की आवाहनावरचा विश्वास तिथंच संपला.

या हिशेबात एक ओळ बहुतेकांकडून राहते, ती हरवणाऱ्या पुस्तकांची. कितीतरी शाळांत पुस्तकं आहेत, पण ती कुलपात. त्याला गुरुजींचा आळस म्हणणं सोपं आहे. पुस्तकं एकदा जडवस्तूंच्या नोंदवहीत चढली की तपासणीच्या वेळी कमी भरलेल्या पुस्तकाचा जाब त्यांना द्यावा लागणार. मग कुलूप हाच सुरक्षित मार्ग ठरतो. म्हणून आवाहनात सरळ लिहावं: ‘पहिल्या वर्षात दहातलं एखादं पुस्तक फाटेल किंवा हरवेल, असं आम्ही धरलं आहे. त्यासाठी तीस पुस्तकांचे २,४०० रुपये वेगळे ठेवले आहेत.’ शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत तसा ठराव करून तो इतिवृत्तात नोंदवावा. फाटलेलं पुस्तक म्हणजे वापरलेलं पुस्तक, हे देणाऱ्यांना कळतं. फक्त कोणीतरी ते त्यांना सांगावं लागतं.

एकूण झाले ३७,४००. देणग्या संकेतस्थळावरून घेणार असाल तर त्यांची कपात बघा. दोन टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी धरला, तर शंभरातले २ रुपये ३६ पैसे जातात. म्हणजे ३८,३०० च्या आसपास मागावे लागतील. काही संकेतस्थळं देणाऱ्याकडून वर ‘टीप’ही घेतात आणि तिचा आकडा आधीच भरून ठेवलेला असतो. तो शून्य करता येतो, एवढी एक ओळ आवाहनात घातली तर देणारा दुवा देईल. शे-दोनशे ओळखीच्या लोकांकडूनच पैसे यायचे असतील, तर समितीच्या बँक खात्यात थेट घेणं बरं. खातं मात्र समितीचंच हवं. एखाद्या शिक्षकाचा खाजगी यूपीआय क्रमांक दिला, तर माणूस कितीही सचोटीचा असो, हिशेब त्याच्या गळ्यात पडतो.

करसवलतीबाबत मोघम बोलू नये. ८०जी खाली नोंदणी असलेली संस्था देणगी घेत असेल तरच तसं लिहावं, आणि नव्या करपद्धतीत ही वजावट मिळत नाही हेही. परदेशातल्या गावकऱ्यांचा प्रश्न हमखास येतो. तिथं पासपोर्ट बघायचा. दुबईत किंवा अमेरिकेत राहणारा भारतीय नागरिक स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देऊ शकतो. पण त्यानं अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल, तर ती परकीय देणगी ठरते आणि तिच्यासाठी एफसीआरए नोंदणी लागते, जी गावच्या शाळेकडे सहसा नसते. अशाला प्रेमानं पण स्पष्ट नाही म्हणावं.

तसंच जुन्या पुस्तकांचं. ‘कोणतीही पुस्तकं चालतील’ लिहिलं की गाइडं, जुने दिवाळी अंक आणि स्पर्धा परीक्षेचे ठोकळे पोत्यानं येतात. हवी असलेली यादीच द्यावी.

पैसे कमी पडले तर काय, हे मागतानाच ठरलेलं असावं. वीसच हजार जमले, तर आधी एक मांडणी आणि पहिली ते तिसरीची पुस्तकं. मोठ्यांची पुढच्या वर्षी. रक्कम पुरी झाली की क्यूआर कोड काढून टाकावा आणि तसं कळवावं.

सहा महिन्यांनी दात्यांना पावत्यांच्या प्रतींसोबत देवघेवीच्या वहीतलं एक पान पाठवावं. नावं झाकून, पण इयत्ता, पुस्तक आणि परतीची तारीख दिसेल असं. कोणती पुस्तकं एकदाही बाहेर गेली नाहीत, तेही त्यात लिहावं, कारण पुढच्या खरेदीची यादी त्यावरूनच बनणार असते.