चौथ्या दिवसाची गोळी

हगवण लागलेल्या मुलाच्या घरात झिंकची पाकिटं पाहावीत. बहुतेक ठिकाणी तीन-चार गोळ्या संपलेल्या असतात आणि उरलेल्या दहा तशाच पडून असतात. आईला विचारलं तर ती सांगते, "पहिले दोन-तीन दिवस काहीच फरक पडला नाही, मग थांबवली." कधी उलटं उत्तर मिळतं, "शी घट्ट झाली, मग कशाला द्यायची?" दोन्ही उत्तरं समजण्यासारखी आहेत. पण गोळीचं काम ज्या वेळी सुरू होतं किंवा ज्या वेळी अर्ध्यावर आलेलं असतं, नेमकी तीच वेळ दोघी निवडतात. हे कसं, ते कळायला तीस वर्षांपूर्वीच्या दिल्लीत जावं लागतं.

अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतले डॉ. महाराज किशन भान आणि त्यांचे सहकारी तेव्हा दिल्लीच्या कालकाजी भागातल्या वस्त्यांत काम करत होते. हगवण लागलेली ९३७ मुलं त्यांनी अभ्यासासाठी घेतली. मुलांचं वय सहा महिने ते पस्तीस महिने होतं. निम्म्यांना रोज २० मिलिग्रॅम जस्त, म्हणजेच झिंक, असलेलं औषध आणि निम्म्यांना जस्ताशिवायचं तसंच औषध मिळालं. कोणाला काय मिळतंय, हे घरच्यांनाही ठाऊक नव्हतं आणि तपासणाऱ्यांनाही नव्हतं. १९९५ साली सुनील सझावल यांच्या नावाने त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जस्त घेणाऱ्या मुलांत हगवण चालू राहण्याचा धोका २३ टक्क्यांनी कमी होता.

हा २३ आकडा सगळीकडे उद्धृत होतो. माझ्या मते त्याच्या पोटातले दोन आकडे जास्त बोलके आहेत. पहिल्या तीन दिवसांचा हिशेब वेगळा काढला तर घट फक्त ७ टक्के दिसते. ती इतकी अनिश्चित आहे की फायदा झाला असं म्हणताच येत नाही. चौथ्या दिवसापासून मात्र ती ३८ टक्क्यांवर जाते. म्हणजे "दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही" हे त्या आईचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, निष्कर्ष तेवढा चुकला. आणखी एक गोष्ट त्याच अभ्यासात आहे. हगवण लागल्यापासून तीन दिवसांच्या आत जस्त सुरू झालं, तर आठवड्यापेक्षा जास्त लांबणाऱ्या आजारांचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. गोळी लवकर सुरू करायची आणि फळाची वाट उशिरापर्यंत पाहायची, असा हा व्यवहार आहे.

हा उशीर का होतो? लहान आतड्याचं आतलं अस्तर मखमलीसारखं असतं. त्यावर बोटांसारखे बारीक उंचवटे असतात आणि त्यांच्या अंगावर पेशींचा एकेरी थर असतो. अन्न शोषणारे आणि दूध, पिठूळ पदार्थ पचवणारी रसायनं बाळगणारे कामगार म्हणजे या पेशी, असं समजा. रोटाव्हायरससारखा विषाणू नेमका याच थरावर हल्ला करतो. पेशी गळून पडतात आणि उंचवटे बुटके होतात. मग आलेलं अन्न अर्धवट पचतं, आणि न पचलेली साखर पाणी ओढून घेते. शरीर हा थर पुन्हा विणतं. उंचवट्याच्या तळाशी नवी पेशी जन्मते आणि वर सरकत टोकाला पोहोचते. या प्रवासाला साधारण तीन ते पाच दिवस लागतात. चौथ्या दिवसाचा आणि या विणकामाचा मेळ मला योगायोग वाटत नाही, मात्र तो माझा तर्क आहे, कालकाजीच्या अभ्यासाने तो सिद्ध केलेला नाही.

पेशी भराभर वाढायच्या तर जस्त लागतं. पेशीच्या आतल्या सूचना वाचणारी अनेक प्रथिनं आणि नवा डीएनए घडवणारी यंत्रणा जस्ताशिवाय चालत नाही. ते कमी पडलं की आधी त्रास होतो तो सतत वाढणाऱ्या ऊतींना, म्हणजे त्वचा, आतडं आणि रोगप्रतिकारक पेशींना. प्रयोगशाळेत आणखी एक गोष्ट दिसली आहे. आतड्याच्या पेशी काही जंतूंच्या विषामुळे क्षार आणि पाणी बाहेर फेकतात, तेव्हा जस्त त्यातला एक मार्ग अडवतं. पटकीच्या विषाबाबत हे लागू पडतं, काही दुसऱ्या विषांबाबत पडत नाही. त्यामुळे हा जादूचा बोळा नव्हे. दुरुस्तीचं सामान पुरवणं हेच त्याचं मुख्य काम मानावं.

अडचण अशी की शरीराकडे जस्ताची शिल्लक नसते. प्रौढ माणसाच्या अंगात ते दोन ग्रॅमच्या आसपास असतं आणि त्याचा मोठा भाग हाडांत व स्नायूंत गुंतलेला असतो. लोहासारखा, वेळ आली की उघडायचा साठा जस्ताचा नसतो. रोजच्या जेवणातून येईल त्यावर भागवावं लागतं. आपल्या जेवणात धान्य आणि डाळीच जास्त, त्यांत फायटेट नावाचा पदार्थ असतो. तो जस्ताला धरून ठेवतो आणि आतड्याला ते सोडत नाही. माणसाला जस्त कमी पडू शकतं, हे पहिल्यांदा जाणवलं ते इराणच्या शिराझमध्ये, १९५८ साली. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद तिथे शिकवत होते. त्यांच्यापुढे एक २१ वर्षांचा तरुण आला, तो दहा वर्षांच्या मुलाएवढा दिसत होता. त्याचं जेवण जवळजवळ भाकरीसारखी रोटी एवढंच होतं आणि तो माती खात असे. जस्ताच्या कमतरतेचा विचार तिथून सुरू झाला आणि काही वर्षांनी इजिप्तमध्ये त्याला पुष्टी मिळाली. आता हगवणीत काय होतं पाहा. कमी जस्त खाणाऱ्या मुलाचं आतडं शीबरोबर आणखी जस्त गमावतं, आणि त्याच वेळी दुरुस्तीसाठी जास्त मागतं.

म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने २००४ साली संयुक्त निवेदन काढलं. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम आणि त्याहून लहान बाळाला १० मिलिग्रॅम जस्त, १० ते १४ दिवस, आणि सोबत कमी क्षारांची सुधारित जलसंजीवनी. आपल्याकडे आशाताईच्या पिशवीत विरघळणारी गोळी असते, आणि १४ दिवसांचा क्रम सांगितला जातो. चौदा दिवस अशासाठी की शी थांबल्यावरही अस्तर अर्धंमुर्धंच विणलेलं असतं आणि गेलेलं जस्त भरून यायचं असतं. बांगलादेशातल्या मतलब भागात गावं विभागून आठ हजारांवर मुलांचा अभ्यास झाला. तिथे हगवण लागली की १४ दिवस जस्त देण्यात आलं. त्या गावांत नंतरच्या काळात हगवणीचे नवे आजारही कमी झाले.

फायद्याचं माप मात्र खोटं सांगू नये. सगळे अभ्यास एकत्र पाहिले तर सहा महिन्यांवरच्या मुलाचा आजार सरासरी अर्धा दिवस कमी होतो. कुपोषित मुलांत ही बचत एक दिवसाहून थोडी जास्त असते. सहा महिन्यांखालच्या बाळांत फायदा दिसलेला नाही. उलट्या मात्र वाढतात. भारत व टांझानियातल्या ४५०० मुलांच्या अभ्यासात, २०२० साली, ५ आणि १० मिलिग्रॅमच्या डोसानेही आजार तेवढाच कमी झाला आणि उलट्या कमी झाल्या. मळमळीमुळे गोळी बंद करणाऱ्या घरांसाठी ही मोलाची बाब आहे.

गोळी सामान पुरवते, पण विणकराला पोटभर जेवणही हवं. इथे आपल्या घरांतली जुनी समजूत आड येते, पोटाला आराम द्या, लंघन करा, फक्त पेजेचं पाणी पाजा. आतड्याची पेशी बरंचसं पोषण रक्तातून न घेता समोरून जाणाऱ्या अन्नातूनच घेते. आतडं रिकामं ठेवलं तर ती उपाशी राहते, अस्तर पातळ होतं. हगवण चालू असतानाही शरीर खाल्लेल्या अन्नातलं साधारण ६० टक्के शोषून घेतं. १९८८ साली पेरूच्या लिमा शहरात केनेथ ब्राउन यांच्या गटाने हगवणीच्या मुलांना वेगवेगळ्या प्रमाणात खायला घातलं. काहींना सुरुवातीपासून पूर्ण आहार मिळाला, काहींचा तोंडावाटे आहार आधी बंद होता. पूर्ण खाणाऱ्यांचा आजार बिघडला नाही आणि पोषण उत्तम राहिलं.

एक उदाहरण हातात घेऊन मोजून पाहू. अकरा महिन्यांची मुलगी, वजन साडेसात किलो. तिला रोज साधारण ६०० कॅलरी लागतात. पहिल्या दिवशी तिला सहा वेळा पातळ शी झाली. आजीने दूध-खिमट बंद करून फक्त पेजेचं आणि वरणाचं पाणी दिलं. त्यातून दिवसाला शंभर-दीडशे कॅलरी मिळाल्या असं धरू. त्यातल्या साठ टक्के शोषल्या तर हाती पडतं ६० ते ९०. दुसऱ्या घरात तशाच मुलीला अंगावरचं दूध चालू ठेवून मऊ, घट्टसर मुगाचं खिमट तुपासह दिलं, दिवसातून सहा वेळा थोडं थोडं. भूक कमी असल्याने ४५० कॅलरीच पोटात गेल्या असं धरू. तरी शोषून हाती पडतं २७० च्या आसपास, म्हणजे तिप्पट किंवा जास्त. चार दिवसांत हा फरक सातशेहून अधिक कॅलरींचा होतो. पेजेच्या पाण्यावर राहिलेलं बाळ वजन गमावतं, आणि पुढची हगवण लवकर व जोरात येते.

त्याच मुलीला प्रत्येक पातळ शीनंतर पाव ते अर्धी वाटी, म्हणजे ५० ते १०० मिलिलिटर, जलसंजीवनी चमच्याने द्यायची. गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात विरघळवून, शक्यतो जेवणानंतर द्यायची, म्हणजे मळमळ कमी होते. अर्ध्या तासाच्या आत उलटली तर थोडं थांबून पुन्हा द्यायची. साखरेचं सरबत, फळांचा डबाबंद रस आणि कोल्ड्रिंक नको, ती साखर पाणी ओढून शी वाढवते. गाईम्हशीचं दूध एकदम पाजण्यापेक्षा भात किंवा सत्त्वात मिसळून किंवा दही करून द्यावं, कारण अस्तर सुधारेपर्यंत दुधातली साखर काही मुलांना जड जाते.

इथे आपल्या घरचं नाचणीचं सत्त्व फार कामाचं आहे. नाचणी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणून, सुकवून दळलेलं हे पीठ. मोड येताना धान्यात पिष्ट तोडणारी रसायनं जागी होतात आणि फायटेटही घटतं. चमचाभर सत्त्व घट्ट, गरम पेजेत ढवळलं की ती सैल होते, तेवढ्याच घोटांत जास्त अन्न जातं. बाळ एकदम चार चमचेच खातं, तेव्हा हे महत्त्वाचं. सत्त्व फार भाजलं तर ही ताकद जाते, एवढं लक्षात ठेवावं. कच्चं केळंही कामाचं आहे, पण वेगळ्या वाटेने. त्याची पिठूळ सामग्री लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यात पोहोचते, तिथले जंतू तिचं आम्ल बनवतात, आणि ते आम्ल पाणी-क्षार परत आत ओढायला मदत करतं. ढाक्याच्या संशोधकांनी लांबलेल्या हगवणीत हा उपयोग तपासला आहे.

बाळ बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जास्तीचं जेवण द्यायचं, कारण गेलेलं वजन तेव्हा भरून येतं. मात्र शीत रक्त दिसलं, बाळ पाणी पीत नसेल किंवा सगळं उलटत असेल, सुस्त पडलं, डोळे किंवा टाळू खोल गेली, किंवा पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर सावकाश परतली, तर घरी थांबू नये. १४ दिवसांहून लांबलेल्या हगवणीचंही तेच.

गोळी मुळात पोहोचते किती मुलांपर्यंत? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत हगवण झालेल्या मुलांपैकी सुमारे ६० टक्क्यांना जलसंजीवनी मिळाली होती, झिंक मात्र सुमारे ३० टक्क्यांनाच. हा आकडा गोळी मिळाली की नाही एवढंच सांगतो. त्यातल्या किती गोळ्या संपल्या, ते पाकिटच सांगेल. चौथ्या दिवशी आशाताई घरी आली तर तिने पहिल्यांदा तेच हातात घ्यावं, आणि फुटलेल्या खणांची संख्या मोजून मग आईला विचारावं, बाळ कालपासून काय काय खातंय.