चवड्यापासून खुब्यापर्यंत

३० सेंटिमीटर उंच खोक्यावरून खाली उतरणाऱ्या माणसाचे पाय जमिनीला टेकतात तेव्हा त्याचा वेग ताशी जवळपास ९ किलोमीटर असतो. तो वेग शून्यावर यायला शरीराला किती अंतर मिळते, यावर सांध्यांवरचा भार ठरतो. पाय ताठ ठेवून शरीर फक्त १० सेंटिमीटर खाली गेले, तर जमिनीचा सरासरी धक्का वजनाच्या चौपट होतो. वाकून तेच अंतर ३० सेंटिमीटर केले की तो दुपटीवर येतो. धक्क्याचे शिखर अर्थातच या सरासरीहून वर जाते.

हे अंतर तीन सांधे मिळून देतात. आधी चवडा टेकतो आणि टाच खाली येईपर्यंत पोटरीचे स्नायू ताणले जात घोट्याला आवरतात. मग गुडघा वाकतो, तिथे मांडीच्या पुढच्या स्नायूंचे काम असते. खुबा वाकून धड किंचित पुढे झुकले, की नितंबाचे दणकट स्नायू कामाला लागतात. ताठ उतरणाऱ्याच्या बाबतीत घोट्याचा वाटा वाढतो आणि खुब्याचा कमी होतो.

गुडघा मुख्यतः बिजागरीसारखा आहे. मांडी आणि नडगी नेतील तिकडे तो जातो, म्हणून तो आत कोसळताना दिसला तरी दोष बहुधा वर किंवा खाली असतो. नितंबाच्या बाजूच्या स्नायूंनी मांडीचे हाड सावरले नाही, तर ते आत वळते. व्हॉलीबॉलमध्ये स्मॅश मारून एका पायावर, धड बाजूला कलंडलेल्या स्थितीत उतरणाऱ्याला हा धोका अधिक. खालचे कारण म्हणजे आखडलेला घोटा. नडगी पुढे झुकू शकली नाही, की तळव्याची कमान बसते आणि नडगी आत फिरते. टाचांखाली पातळ फळी ठेवून उठाबशा काढल्यावर गुडघे सरळ राहू लागले, तर संशय घोट्यावर घ्यावा.

आत कोसळलेल्या गुडघ्यात एसीएल या लिगामेंटवर ताण येतो. दुखापतींच्या चित्रफितींवरून ते पाय टेकल्यावर सुमारे ४० मिलिसेकंदांत फाटते असा अंदाज आहे. इतक्या वेळात चूक जाणवून पाय सावरणे अशक्य, म्हणून स्नायू हवेत असतानाच आवळलेले लागतात. सरावात उतरण्याची घडी पुन्हा पुन्हा गिरवतात ती यासाठीच.

समोरून काढलेल्या व्हिडिओत गुडघ्याची वाटी पायाच्या अंगठ्याच्याही आत गेलेली दिसली, तर ती खूण समजावी. मात्र २००५ मध्ये अमेरिकेतील २०५ मुलींच्या अभ्यासात हा कोन धोक्याचा चांगला निदर्शक वाटला होता. नॉर्वेतल्या हँडबॉल आणि फुटबॉल खेळाडूंच्या पुढच्या, मोठ्या अभ्यासात संबंध दिसला, पण नेमके कोण जायबंदी होईल हे त्यावरून ओळखता आले नाही.