व्हिडिओचं शीर्षक कुणासाठी? शिकणारे, घेणारे आणि पाहणारे

समजा, येवल्यात आपल्या घरी पैठणीचा माग आहे. आपण मोबाइलवर चित्रण केलं. त्यात पदरावर मोर विणतानाची दृश्यं आहेत, साडीची उलटी बाजू दाखवली आहे आणि शेवटी चार-पाच साड्या किमती सांगून उलगडल्या आहेत. हे सगळं एका व्हिडिओत जोडलं, यूट्यूबवर टाकलं आणि शीर्षक दिलं: ‘पैठणी साडी | येवला पैठणी | खरी पैठणी | पैठणी किंमत | paithani saree making’.

शोधले जाणारे बहुतेक शब्द यात आहेत. तरीही असा व्हिडिओ उघडणारे लोक पटापट निघून जातात, कारण या एका ओळीने तीन वेगळ्या माणसांना बोलावलंय आणि प्रत्येकाला आपल्या उपयोगाचा भाग शोधत बसावं लागतं. ही तीन माणसं ओळखायची कशी आणि शीर्षकाचे शब्द त्यांच्याशी जुळवायचे कसे, ते एकेका पायरीने पाहू.

पायरी १ : हेतू वेगळे करा

शोधताना माणूस जे शब्द टाइप करतो, त्यांच्यामागे काहीतरी काम असतं. त्याला सर्च इंटेंट, म्हणजे शोधामागचा हेतू, म्हणतात. संगणकशास्त्रज्ञ आंद्रेई ब्रोडर यांनी २००२ मध्ये वेबवरच्या शोधांचे तीन गट मांडले: माहिती मिळवण्यासाठी, ठरावीक संकेतस्थळावर पोचण्यासाठी आणि एखादा व्यवहार करण्यासाठी.

व्हिडिओसाठी ही विभागणी थोडी बदलून घ्यावी लागते, कारण इथे बरेच लोक केवळ पाहण्यासाठी येतात. म्हणून आपले तीन गट असे: शिकायचंय, घ्यायचंय, पाहायचंय. पैठणीच्या बाबतीत पहिल्याला खरी-खोटी कशी ओळखायची ते कळायला हवंय. दुसरीच्या घरी लग्न आहे आणि तिच्या मनात एक रक्कम ठरलेली आहे. तिसऱ्याला मागावर मोर कसा उमटतो ते शांतपणे बघायचंय.

पायरी २ : लोकांचे शब्द गोळा करा

यूट्यूबच्या शोधपेटीत ‘पैठणी’ लिहून थांबा. खाली सूचना येतात. लोक जे शोधतात, त्यावरूनच त्या तयार होतात. मग ‘पैठणी क’, ‘पैठणी ब’ असं एकेक अक्षर वाढवत जा आणि दिसेल ते वहीत उतरवा. ब्राउझरच्या खासगी खिडकीत, म्हणजे इन्कॉग्निटोमध्ये, लॉग-इन न करता हे करावं. एरवी आपल्याच जुन्या शोधांची छाया या यादीवर पडते.

हेच रोमन लिपीतही करा: `paithani`, `yeola paithani`, `paithani kashi olkhaychi`. मराठी बोलणारे अनेक जण मोबाइलवर रोमन अक्षरांतच टाइप करतात, त्यामुळे फक्त देवनागरीत शोधलं तर यादी अर्धीच मिळते.

पायरी ३ : शेपटावरून गट पाडा

‘पैठणी’ हा मुख्य शब्द सगळीकडे तोच आहे. हेतू कळतो तो त्याला जोडलेल्या शब्दांवरून. ‘कशी ओळखायची’, ‘फरक’, ‘प्रकार’, ‘कशी धुवायची’ ही शिकणाऱ्याची शेपटं. ‘किंमत’, ‘दुकान’, ‘होलसेल’, ‘घरपोच’, ‘बजेट’ ही घेणाऱ्याची. ‘विणकाम’, ‘हातमाग’, ‘making’ असे शब्द आले की बहुधा पाहणारा समोर असतो.

काही शोध मात्र फसवे असतात. ‘खरी पैठणी’ शोधणाऱ्याला ती ओळखायची आहे की विकत घ्यायची आहे? अशा वेळी अंदाज बांधू नये. तोच शोध चालवून वरचे दहा व्हिडिओ बघावेत. बहुतेकांत कोणी साडी उलटी करून समजावत असेल, तर तो शोध शिकणाऱ्यांचा. बहुतेकांत दुकानाची पाटी आणि किमती असतील, तर घेणाऱ्यांचा. दोन्ही सारखेच दिसले, तर शीर्षकात एक स्पष्ट करणारा शब्द आपणच घालावा.

पैठणीत आणखी एक खाचखळगा आहे. गावोगावी होणाऱ्या ‘खेळ पैठणीचा’ या कार्यक्रमांच्या ध्वनिचित्रफिती बघणाऱ्या माणसाला मागाशी काही देणंघेणं नाही. ‘गोष्ट एका पैठणीची’ हा मराठी चित्रपटही आहे. आपल्या माहितीपटाला ‘गोष्ट येवल्याच्या पैठणीची’ हे नाव कितीही सुंदर वाटलं, तरी त्याने चित्रपट शोधणारे येतील आणि लगेच परत जातील. म्हणून मनात आलेलं शीर्षक आधी शोधून पाहावं.

पायरी ४ : एका व्हिडिओला एकच हेतू

आता आपल्या चित्रणाकडे परत या आणि त्याचे तीन व्हिडिओ करा. माग तोच, साड्या त्याच. पण काय ठेवायचं आणि कोणत्या क्रमाने, हे प्रत्येकात वेगळं.

शिकणाऱ्यासाठी: ‘खरी हातमाग पैठणी कशी ओळखायची? पदराची उलटी बाजू पाहा’. इथे प्रश्न त्याच्याच शब्दांत आहे आणि उत्तराची दिशाही दिसते. हातमागावर पदराची नक्षी वेगवेगळ्या रंगांचे धागे एकमेकांत अडकवून विणतात, त्यामुळे उलट बाजूलाही मोर जवळजवळ तसाच दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत बरेचदा मागे धागे लोंबत असतात. हे जवळून दाखवणारा व्हिडिओ या शीर्षकाला जागतो.

घेणाऱ्यासाठी: ‘येवला हातमाग पैठणी: २५ हजारांपर्यंतच्या ५ साड्या, किमतीसह’. हातमाग की यंत्रमाग, किंमत किती, नग किती, हे तिला उघडण्याआधीच कळतं. आकडा अर्थातच आपल्या खऱ्या किमतींचा हवा. ‘सुंदर’, ‘आकर्षक’, ‘अप्रतिम’ हे शब्द इथे जागा अडवतात, कारण घेणारी व्यक्ती ते टाइप करत नाही.

पाहणाऱ्यासाठी: ‘मागावर उतरणारा बांगडी मोर: येवल्याच्या पैठणीचं संपूर्ण विणकाम’. इथे प्रश्न नाही, किंमत नाही. काय दिसणार आहे ते सांगितलंय आणि ‘संपूर्ण’ या शब्दाने आश्वासन दिलंय की मध्येच तोडलेलं नाही. असा प्रेक्षक पुष्कळदा शोधून येत नाही. यूट्यूबने मुख्य पानावर सुचवलं म्हणून तो थांबतो. म्हणून शोधातल्या नेमक्या शब्दांपेक्षा दृश्याचं नाव इथे जास्त कामाचं.

पायरी ५ : शब्दांची जागा ठरवा

यूट्यूबवर शीर्षकाला १०० अक्षरचिन्हांची मर्यादा आहे आणि मोबाइलवर लांब शीर्षकाचा शेवट कापला जातो. देवनागरीत वेलांट्या-मात्रा ही संगणकाच्या लेखी स्वतंत्र चिन्हं असतात. ‘पैठणी’ आपल्याला तीन अक्षरी वाटते, पण त्यात चिन्हं पाच आहेत. त्यामुळे मराठी शीर्षक वाटतं त्यापेक्षा लवकर भरतं.

म्हणून हेतू सांगणारा शब्द पहिल्या निम्म्यात आणा. ‘नमस्कार मित्रांनो’, वाहिनीचं नाव, भाग क्रमांक हे सगळं मागे टाका किंवा काढून टाका. रोमनमध्ये खूप शोध दिसले असतील, तर शेवटी `Yeola Paithani` एवढंच जोडा. बाकीचे शब्द वर्णनात, म्हणजे व्हिडिओखालच्या मजकुरात, पूर्ण वाक्यांत येऊ द्या.

पायरी ६ : पहिल्या अर्ध्या मिनिटात शब्द पाळा

शीर्षकाने जे कबूल केलं, ते लगेच दिसायला हवं. ओळखण्याच्या व्हिडिओत पहिल्या काही सेकंदांतच साडी उलटी करा. किमतीच्या व्हिडिओत पहिली साडी किमतीसह समोर ठेवा. विणकामाच्या व्हिडिओत मागाचा आवाज आणि चालते हात आधी, बोलणं नंतर. पैठणीचा इतिहास तिन्हींच्या सुरुवातीला घालायचा मोह होतो. तिथे प्रेक्षक सर्वाधिक गळतात.

पायरी ७ : कोण आलं ते तपासा

यूट्यूब स्टुडिओत, म्हणजे वाहिनी सांभाळायच्या पानावर, व्हिडिओचं Analytics उघडा. त्यात YouTube search या नोंदीखाली लोक कोणते शब्द टाइप करून आपल्यापर्यंत पोचले ते दिसतं. हे शब्द आपल्या वहीतल्या गटांशी ताडून बघा. विणकामाच्या व्हिडिओवर `paithani saree price` टाइप करणारे येत असतील, तर शीर्षकात किंवा वर्णनात कुठेतरी ‘किंमत’ राहिली आहे.

दोन आकडे शेजारी ठेवून वाचावेत. एक, क्लिक-थ्रू रेट, म्हणजे व्हिडिओचं चित्र दिसलेल्या शंभरांपैकी किती जणांनी तो उघडला. दुसरा, रिटेन्शन, म्हणजे उघडणारे किती वेळ टिकले. यात ३० सेकंदांनंतर किती जण उरले हेही दिसतं.

उघडणारे भरपूर पण टिकणारे थोडे, तर शीर्षक एकाचं आणि व्हिडिओ दुसऱ्याचा. शीर्षक बदला किंवा सुरुवात कापा. उलट, उघडणारे थोडे पण आलेले शेवटपर्यंत बसतात, तर व्हिडिओ बरा आहे. शब्द लोकांचे नाहीत किंवा चित्र कमी पडतंय. दोन्ही आकडे चांगले आणि तरी बघणारे मोजकेच असतील, तर तेवढ्या लोकांनाच ते हवं असण्याची शक्यता आहे. शीर्षक नवी मागणी निर्माण करू शकत नाही.

शीर्षक प्रसिद्ध केल्यावरही बदलता येतं आणि व्हिडिओचा दुवा तोच राहतो. फक्त शीर्षक आणि चित्र एकाच दिवशी बदलू नका, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळणार नाही. शिवाय व्हिडिओत नसलेल्या गोष्टीचं शीर्षक देणं यूट्यूबच्या नियमांविरुद्ध आहे. ‘९९९ रुपयांत खरी पैठणी’ लिहून गर्दी जमवली, तर व्हिडिओ काढला जाण्याचा धोका आहेच. विणकराचा शब्दही हलका होतो.

पायरी ८ : तिन्ही व्हिडिओ एकमेकांना जोडा

हेतू कायमचा नसतो. आज साडी ओळखायला शिकलेली बाई महिन्याभराने लग्नाच्या खरेदीला निघते. म्हणून ओळखण्याच्या व्हिडिओच्या शेवटी किमतीच्या व्हिडिओचा दुवा ठेवा. विणकाम बघून भारावलेल्याला आधी ओळखण्याच्या व्हिडिओकडे न्या. थेट किमतींवर नेलं तर तो बहुधा बंद करेल. किमतीच्या व्हिडिओखाली मात्र विणकामाचा दुवा द्या, कारण ही साडी एवढी महाग का, या प्रश्नाचं उत्तर घेणाऱ्याला तिथे मागावर मिळतं.