पाच लाख अठ्ठावीस हजार पट, पण कशाच्या?

न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावर कारमन्स नदी जिथे समुद्राला मिळते, तिथे खाऱ्या दलदलीचा मोठा पट्टा आहे. डास मारण्यासाठी या दलदलीवर वर्षानुवर्षे डीडीटी फवारलं जात होतं. वुडवेल, वर्स्टर आणि आयझॅकसन या तीन शास्त्रज्ञांनी इथलं पाणी, प्लवक, मासे आणि पक्षी गोळा करून प्रत्येकात किती डीडीटी आहे ते मोजलं आणि १९६७ साली 'सायन्स' या नियतकालिकात आकडे छापले. कीटकनाशक अन्नसाखळीत वर चढत जातं, हे दाखवण्यासाठी आजही हेच आकडे वापरले जातात. विद्यार्थ्यांना गणितही बहुधा यांच्यावरच घातलं जातं. गणित भागाकाराचं, म्हणून सोपं वाटतं. उत्तराचा अर्थ लावणं मात्र तितकं सोपं नाही.

आकडे पीपीएममध्ये आहेत. १ पीपीएम म्हणजे एका किलोत एक मिलिग्रॅम. पाण्यात डीडीटी होतं ०.००००५ पीपीएम. प्लवकात ०.०४, सिल्व्हरसाइड या छोट्या माशात ०.२३, त्याच्यासारख्या माशांवर जगणाऱ्या लांब चोचीच्या नीडलफिशमध्ये २.०७ आणि पाणकावळ्यात २६.४. डीडीटी मोडून तयार होणारे डीडीई आणि डीडीडी हेही या आकड्यांत धरलेले आहेत.

आता वरच्या पायरीला खालच्या पायरीने भागायचं. पाण्याकडून प्लवकाकडे जाताना ८०० पट, प्लवकाकडून सिल्व्हरसाइडकडे ५.७५ पट, तिथून नीडलफिशकडे ९ पट, आणि नीडलफिशकडून पाणकावळ्याकडे सुमारे १२.७५ पट वाढ होते. पडताळणीसाठी हे चारही गुणक एकमेकांशी गुणावेत. गुणाकार ५ लाख २८ हजारांच्या आसपास येतो, आणि २६.४ ला थेट ०.००००५ ने भागलं तरी तेच उत्तर मिळतं. दोन उत्तरं जुळली नाहीत, तर कुठेतरी दशांशचिन्ह सरकलं आहे असं समजावं.

बहुतेक वह्यांमध्ये गणित इथे थांबतं, आणि मला खटकतं ते इथेच. चार गुणकांतला पहिला बाकीच्या तिघांच्या जातीचा नाही. प्लवक पाणी 'खात' नाही. डीडीटी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण चरबीत सहज विरघळतं. त्यामुळे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जिवाच्या शरीरातल्या स्निग्ध भागात ते आपोआप शिरतं आणि तिथेच साचतं. शरीर थेट पाण्यातून रसायन ओढून घेतं, त्याला जैवसंकेंद्रण म्हणतात. भक्ष्यातून भक्षकात जाताना प्रमाण वाढतं, ते जैवविशालन. ५,२८,००० या संख्येत दोन्ही मिसळले आहेत. खऱ्या अर्थाने खाण्यातून झालेली वाढ म्हणजे २६.४ भागिले ०.०४, म्हणजे ६६० पट. ही विभागणीही अगदी काटेकोर नाही. लाँग आयलंडच्या नमुन्यातलं प्लवक मुख्यतः प्राणिप्लवक होतं आणि ते शैवाल खातं, म्हणजे पहिल्या ८०० मध्येही खाण्याची एक पायरी दडलेली आहे. शिवाय माशांच्या कल्ल्यांतूनही थोडं डीडीटी थेट आत येतं. तरीही ८०० गुणिले ६६० असं लिहिणाऱ्याला प्रक्रिया समजली आहे, हे दिसतं.

मग खाण्यातून वाढ होते तरी कशी? एक ढोबळ हिशेब करून पाहू. माशाचं वजन एक ग्रॅमने वाढायला साधारण दहा ग्रॅम प्लवक लागतं असं धरू. दहा ग्रॅम प्लवकात ०.४ मायक्रोग्रॅम डीडीटी असेल. खाल्लेल्या अन्नातला बराचसा भाग श्वसनात जळून जातो आणि बाकीचा विष्ठेतून बाहेर पडतो. डीडीटी मात्र जळत नाही, ते चरबीत बसून राहतं. सगळंच शिल्लक राहिलं तर माशात ०.४ पीपीएम दिसेल, म्हणजे दहापट. प्रत्यक्षात दिसतं ०.२३, याचा अर्थ निम्म्याच्या आसपास शोषलं गेलं नाही किंवा बाहेर टाकलं गेलं. पाणकावळ्याचा गुणक दहाच्या वर जातो, त्यात नवल नाही. तो उष्ण रक्ताचा आहे. शरीर तापतं ठेवण्यासाठी त्याला खूप मासे लागतात आणि त्यांतले फार थोडे वजनात उतरतात. असा हिशेब हाताशी असला की एखाद्या पायरीवर हजारपट वाढ आली तर ती चुकीची आहे हे ताबडतोब कळतं.

तशी चूक होते कुठे, हेही ठरलेलं आहे. एनसीईआरटीच्या बारावीच्या जीवशास्त्राच्या जुन्या पुस्तकातल्या आकृतीत पाण्यातलं डीडीटी ०.००३ पीपीबी दिलं होतं आणि मासे खाणाऱ्या पक्ष्यातलं २५ पीपीएम. घाईत २५ ला ०.००३ ने भागलं की ८,३३३ येतं. पण एक पीपीबी म्हणजे पीपीएमचा हजारावा भाग. म्हणून भाजक ०.०००००३ आहे आणि खरं उत्तर सुमारे ८३ लाख. एकके सारखी न करता भागाकाराला हात घालू नये.

दुसरा धोका जास्त फसवा आहे आणि तो कॅलिफोर्नियातल्या क्लिअर लेकच्या आकड्यांत दिसतो. या तळ्यावरच्या चिलटांचा बंदोबस्त करण्यासाठी १९४९, १९५४ आणि १९५७ मध्ये डीडीटीचंच भावंड असलेलं डीडीडी पाण्यात सोडलं. शेवटच्या दोन वेळांचं प्रमाण पाच कोटीत एक भाग, म्हणजे ०.०२ पीपीएम होतं. १९५४ नंतर ग्रीब पक्षी मरू लागले. आपल्याकडच्या टिबुकलीचे हे मोठे नातेवाईक. त्यांच्या चरबीत १,६०० पीपीएम डीडीडी सापडलं. भागाकार केला तर ८०,००० पट.

हा आकडा लाँग आयलंडच्या ५,२८,००० शेजारी ठेवून क्लिअर लेकमध्ये वाढ कमी झाली असं म्हणता येईल का? मुळीच नाही. लाँग आयलंडचे आकडे पूर्ण ओल्या शरीराचे आहेत, ग्रीबचा आकडा फक्त चरबीचा. समजा पक्ष्याच्या वजनात पाच टक्के चरबी आहे आणि जवळपास सगळं डीडीडी तिच्यातच आहे. मग पूर्ण शरीरात ८० पीपीएम येतील आणि गुणक ४,००० वर घसरेल. पक्षी तोच, विष तेवढंच, फक्त अंश बदलला. भाजकही तितकाच डळमळीत आहे. ०.०२ हे पाण्यात मोजलेलं प्रमाण नव्हतं, ती ओतलेली मात्रा होती. शेवटच्या फवाऱ्यानंतर थोड्याच काळात पाणी तपासलं तेव्हा त्यात डीडीडीचा मागमूसही नव्हता, कारण तोवर ते तळ्यातल्या जिवांमध्ये गेलं होतं. तेव्हाचं पाणी भाजक धरलं तर गुणक कितीही मोठा काढता येतो. म्हणून अंश आणि भाजक कशाचे, कधीचे आणि कोणत्या आधारावर मोजलेले, हे उत्तराशेजारी लिहावं लागतं. वेगवेगळ्या प्राण्यांची तुलना करायची असेल तर सगळे आकडे प्रति ग्रॅम चरबीत आणणं हा रास्त मार्ग आहे.

एक प्रश्न तरी उरतोच. पाणकावळा नीडलफिशच खातो, हे कोणी ठरवलं? वरची साखळी आपण तक्त्यातून निवडलेली आहे. खऱ्या दलदलीत तो मिळेल तो मासा खातो, आणि त्याच तक्त्यातल्या पिकरेल माशात १.३३ पीपीएमच होतं. तो धरला की शेवटचा गुणक सुमारे २० होतो. त्यामुळे आता संशोधक अशा जोड्या लावण्याऐवजी प्राण्याच्या ऊतींतला जड नायट्रोजन मोजतात. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की नायट्रोजन-१५ चं प्रमाण हजारी सुमारे ३.४ ने वाढतं, त्यावरून तो प्राणी कोणत्या पायरीवर आहे ते ठरतं. मग सगळ्या प्राण्यांचे आकडे एकाच आलेखावर मांडून दर पायरीला सरासरी किती पट वाढ होते ते काढतात. हा गुणक एकाहून जास्त आला, तरच ते रसायन अन्नसाखळीत वर चढतं असं म्हणतात.